दहा मिनिटांचं शिष्टमंडळ

उज्जैनच्या देवास गेटजवळच्या मराठी वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र एकच यायचं, तेही मुंबईहून रेल्वेनं, एक दिवस शिळं होऊन. त्याच्या भोवती बसणारे वीस-पंचवीस जण आणि त्यातलं इंग्रजी धडपणे समजणारे तीन. बाकीचे चित्रं बघायचे आणि चष्मा पुसून गंभीर चेहरा करायचे. म्हणून वाचनालय चालवणाऱ्या मराठी मंडळानं दारातच एक काळा फळा लावला होता. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी अनसूया डबीर त्यावर त्या पत्रातल्या दोन-तीन बातम्यांचा मराठी सारांश लिहायची आणि खाली आपली सही करायची.

हे काम तिला वडिलांकडून आलं होतं. तात्या डबीर ग्वाल्हेर दरबारात इंग्रजी कागदांचे मराठी गोषवारे करत. आता डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, पण जीभ शाबूत होती. "आधी सगळं वाचायचं, मग कागद उलटा ठेवायचा आणि कोणी, कुठं, कधी, काय हे स्वतःला विचारायचं. मग पुन्हा सुलटा करून नावं आणि आकडे ताडायचे," ते सांगत. "लांबी कमी करायची, माल नाही. आणि बातमी ज्याच्या तोंडची असेल, त्याच्याच तोंडी ठेवायची."

अनसूया हे इमानानं करायची. चार वर्षं ती मंडळाच्या कन्याशाळेत हंगामी शिक्षिका होती. मध्यभारत राज्य आता मोडणार आणि नव्या मध्यप्रदेशात सगळं विलीन होणार, हे नक्की झालं होतं. नव्या सरकारात फक्त कायम झालेल्यांनाच सामावून घेणार, असं जो तो म्हणत होता. शनिवारी शाळा समितीची बैठक होती आणि तीत अनसूयाला कायम करायचा विषय होता. तिच्या पगारावर बापलेकीचं घर चालत होतं, त्यामुळं तो शनिवार तिच्या छातीवर दगडासारखा बसला होता.

समितीचे अध्यक्ष, मंडळाचे अध्यक्ष आणि जिथं खुर्ची असेल तिथले अध्यक्ष म्हणजे विष्णुपंत हिर्लेकर, सरकारी वकील. गेल्या रविवारी उज्जैनच्या मराठी लोकांचं एक शिष्टमंडळ इंदूरला मंत्र्यांना भेटून आलं होतं. नव्या राज्यातही शाळांतून मराठी चालू ठेवा, एवढीच मागणी. वकीलसाहेब त्यात होते. परतल्यापासून माधवनगरात त्यांनी ती भेट इतक्या वेळा सांगितली की दर सांगण्यात ती पाच-पाच मिनिटांनी लांबत गेली. बुधवारपर्यंत अर्धा तास झाला होता, आणि मंत्र्यांना घाम फुटला होता.

आणि गुरुवारी ती बातमी छापून आली. चौथ्या पानावर, तळाशी, एका केशतेलाच्या जाहिरातीला टेकून.

अनसूयानं ती दोनदा वाचली. नेत्याचं नाव 'गर्ग' छापलं होतं. असा कोणी त्यात नव्हता, म्हणून ती आधी शिष्टमंडळात गेलेल्या दत्तात्रय गर्ग्यांच्या घरी जाऊन विचारून आली. मग फळ्यावर लिहिलं :

'उज्जैनच्या सुमारे तीस मराठीभाषक नागरिकांचे शिष्टमंडळ रविवारी इंदूर येथे मंत्र्यांना भेटले. विलीनीकरणानंतरही शाळांतून मराठीतून शिक्षण चालू ठेवावे, असे निवेदन त्यांनी दिले. नेते श्री. द. वि. गर्गे (पत्रात 'गर्ग' असे छापले आहे) व इतर दोघे बोलले. मंत्र्यांनी सहानुभूतीने विचार करण्याचे आश्वासन दिल्याचे समजते. भेट सुमारे दहा मिनिटे चालली.'

खाली सही : अ. डबीर.

पहिला वाचक नेहमीचाच होता. रमेश तिवारी. साधा सदरा, साधी टोपी, बगलेत वही. तो खुफिया पोलिसातला होता हे त्याच्या वरिष्ठांनी गुप्त ठेवलं होतं आणि गावाला माहीत होतं. मराठी लोकांत काय चाललंय याचा रोज रिपोर्ट द्यायचा, हे त्याचं काम. मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यामुळं तो बिचारा इमानेइतबारे फळा उतरवून न्यायचा, सहीसकट. "बाईजी, अक्षर आपका बढ़िया है," एवढंच म्हणायचा.

तिवारीची नक्कल पुरी होते न होते तोच वकीलसाहेब आले. त्यांनी फळा वाचला आणि त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"हे काय लिहिलं बाई? दहा मिनिटं?"

"पत्रात तसं आहे, वकीलसाहेब."

"आणि माझं नाव?"

"पत्रात गर्ग्यांचं एकट्याचं नाव आहे. बाकी 'इतर दोघे' आहे."

"इतर?" वकीलसाहेबांचा आवाज चढला. "मी इतर? अहो, मी तिथं असा तडाखा दिला की मंत्री पाणी प्यायले! आणि हे 'समजते' काय? आश्वासन दिलं, सरळ लिहा ना. समजतं कुणाला?"

"ते 'समजते' वार्ताहराचं आहे. तो स्वतः आत नव्हता, कुणाकडून तरी ऐकून लिहितोय. मी ते काढलं तर जे त्याला पक्कं माहीत नाही, ते मी पक्कं करून सांगितल्यासारखं होईल. बातमी चुकली असेल तर तुम्ही संपादकांना पत्र लिहा. दुरुस्ती छापून आली की तीही मी फळ्यावर लिहीन."

"सारांश म्हणजे काय बाई? सार! त्या भेटीचं सार मी होतो!"

असं म्हणून त्यांनी फडकं उचललं आणि सगळा मजकूर पुसून काढला. मग धोतराचा सोगा सावरून स्वतः खडू घेतला आणि सुरुवात केली, 'मुंबईच्या इंग्रजी पत्रावरून.' तीसचे तीनशे झाले. दहा मिनिटांचा अर्धा तास. शेवटी तर लेखणी अशी सुटली की थांबेचना : 'ॲडव्होकेट विष्णुपंत हिर्लेकर यांनी मंत्र्यांना ठणकावले की मराठी शाळांना हात लावाल तर उज्जैनातला एकही मराठी नोकर नव्या राज्याची चाकरी करणार नाही! मंत्री निरुत्तर झाले.'

खाली अनसूयाची सही तशीच राहिली होती. ती पुढं झाली आणि बोटानं सही पुसली.

"हे काय करताय?"

"मजकूर तुमचा आहे, तर सहीही तुमचीच हवी."

तिला वाटलं होतं, आता तरी ते बिचकतील. पण साहेबांना तो मान वाटला. त्यांनी वळणदार सही ठोकली, हुद्द्यासकट. दारात उभ्या असलेल्या तिवारीनं वहीचं पान उलटलं आणि निमूटपणे तेही उतरवून घेतलं. तो नोकरीला लागला होता तेव्हा त्याला सांगितलं होतं, जे दिसेल ते लिहायचं. त्यानं लिहिलं.

दिवसभर फळ्यासमोर गर्दी होती. लोकांनी वकीलसाहेबांना पेढे खाऊ घातले.

शुक्रवारी दुपारी कलेक्टर कचेरीतून वकीलसाहेबांच्या नावे लखोटा आला. सरकारी वकील असताना सरकारी नोकरांना काम न करण्याची चिथावणी दिली, याबद्दल आपला खुलासा सोमवारपर्यंत द्यावा. नव्या राज्यात सरकारी वकील कोण राहणार, याची यादी त्याच कचेरीतून जायची होती.

शनिवारी सकाळी मंत्र्यांना ठणकावणारा हा सिंह डबीरांच्या ओसरीवर येऊन बसला. चहा समोर निवत होता.

"अनसूयाबाई, मुलीसारख्या तुम्ही मला," वकीलसाहेब म्हणाले. "एक छोटंसं काम आहे. मी खुलासा लिहून आणलाय, त्यावर फक्त सही करा."

तिनं कागद वाचला. इंग्रजीचे ज्ञान बेताचे असल्याने माझ्याकडून बातमीचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि मी सांगितले ते खरे समजून अध्यक्षांनी फळ्यावर लिहिले, तरी क्षमा असावी.

"पण हे खोटं आहे," ती म्हणाली. "मी जे लिहिलं ते तुम्ही पुसलंत."

"खरंखोटं नंतर बघू हो. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला कोण काय करणार? सोडून देतील. माझी मात्र प्रॅक्टिस जाईल." मग ते पुढं झुकले. "संध्याकाळी समिती आहे. विषय पहिलाच तुमचा ठेवलाय. ठराव मीच मांडतो, दोन मिनिटांचा मामला."

अनसूयाला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आत तात्या खाटेवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी काही सांगावं असं तिला फार वाटत होतं. एका सहीत नोकरी कायम होत होती. ज्यांच्या इंग्रजीला जन्मभर कधी कुणी बेताचं म्हटलं नव्हतं, त्या वडिलांकडून शिकलेलं इंग्रजी बेताचं आहे, एवढंच कबूल करायचं होतं. तिचा हात टाकाकडे गेलाही.

मग तिनं कागद परत केला. "मी तुम्हाला बातमीबरहुकूम गोषवारा लिहून देते. त्यात तुमच्या तोंडी एक शब्द नाही. तुम्ही तसं काही बोललाच नाहीत, हे त्यावरून सिद्ध होईल."

"म्हणजे मी गप्प बसलो, असं लोकांना सांगू?" वकीलसाहेब ताडकन उठले. "पेढे खाल्लेत मी त्यांचे!"

संध्याकाळी समितीची बैठक झाली. विषय खरंच पहिलाच होता आणि खरंच दोन मिनिटांत संपला. 'श्रीमती डबीर यांचे इंग्रजीचे ज्ञान अपुरे आढळल्याने त्यांना कायम करण्याचा विचार तूर्त स्थगित.' सातजणांनी हात वर केले. त्यांतल्या पाचांना इंग्रजी येत नव्हतं. त्या ठरावाची नक्कल वकीलसाहेबांनी सोमवारी खुलाशाला जोडली. बाईंनी चुकीचं सांगितलं, मी भाबडेपणानं लिहिलं, हा घ्या पुरावा.

अनसूया सोमवारी वाचनालयाकडे फिरकली नाही. मंगळवारी मात्र तात्यांनी तिला जवळजवळ ढकलूनच काढलं, "घरात बसलीस तर ठराव खरा ठरेल."

ती पोचली तेव्हा फळा कोराच होता. समोर तिवारी उभा होता. इकडंतिकडं बघून तो हळूच म्हणाला, "बाईजी, कल कलेक्टर साहब ने वो अखबार ही मँगवा लिया. मेरी कॉपी में दोनों थे ना, आपवाला भी और वकीलसाब का भी. सामने रखकर मिलाया."

"मग?"

"आपवाला हूबहू निकला. गर्ग-गर्गे तक. साहब खूब हँसे. वकीलसाब की फाइल बंद. बोले, यह आदमी खतरनाक नहीं है, कुछ बोला ही नहीं."

"म्हणजे ते सुटले," अनसूया म्हणाली.

"हाँ जी. और मुझे हुकुम हुआ है," तिवारीनं वही उघडली, "कि आगे से मराठी समाज की वही खबर लिखकर लाना, जिसके नीचे बाईजी के दस्तखत हों."

अनसूयाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. चार वर्षांत तिच्या इंग्रजीला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र होतं, आणि ते खुफिया खात्याच्या गुप्त फायलीत होतं. समितीपुढं ते ठेवायची सोय नव्हती. तिनं पदरानं डोळे टिपले, वर्तमानपत्र उघडलं आणि पहिली बातमी दुसऱ्यांदा वाचायला घेतली.