सेटिंग : काही नाही

तुर्भ्याच्या त्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखानदारांनी मिळून एक सामायिक वर्कशॉप काढलं होतं, आणि त्यात एकच सरफेस ग्राइंडर होता. पोलादाची प्लेट फिरत्या दगडी चाकानं, म्हणजे व्हीलनं, घासून आरशासारखी सपाट करून देणारं ते मशीन. एकट्यादुकट्याला परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून सगळ्यांचं. आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे काय नव्यानं सांगायला हवं?

म्हणूनच बाबासोंनी वही ठेवली होती. बाबासो मूळचे साताऱ्याकडचे, वर्कशॉपचे व्यवस्थापक. वहीत चार रकाने : नाव, किती वेळ, सेटिंगला म्हणजे मशीनच्या तयारीला काय लागेल, आणि जाताना काय साफ करून ठेवणार. पहिले दोन रकाने लोक मनापासून भरत. तिसऱ्यात ‘काही नाही’ आणि चौथ्यात ‘सर्व’ असं लिहून मोकळे होत. दोन्ही शुद्ध थापा. थाप मारण्याला कारणही होतं. कमी वेळ मागणाऱ्याला आधी नंबर मिळे, त्यामुळे तीन तासांचं काम असलेला गडी बिनदिक्कत दोन तास लिही आणि तीन तास मशीनवर बसे.

जयमालाला हे सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं तिनं एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली होती. आता नोकरी सोडून अर्धा गाळा भाड्यानं घेतला होता, आणि पहिलीच ऑर्डर हातात होती : डायच्या, म्हणजे साच्याच्या, चार प्लेट्स, दहा मायक्रॉनच्या म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत सपाट. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीच्या तपासणीत पोचल्या तर पुढचं वर्षभराचं काम तिचं. नाही पोचल्या तर काम जुन्या माणसाकडे परत. ग्राइंडरची पुढची मोकळी वेळ थेट बुधवारी होती, म्हणजे शुक्रवार हुकला की सगळं हुकलं.

तरीही तिनं वहीत खरं तेच लिहिलं. ‘शुक्रवार, दहा ते दोन. सेटिंग : माझं व्हील चढवणं, बॅलन्स करणं, ड्रेसिंग, एक तास. ग्राइंडिंग अडीच तास. सफाई अर्धा तास : चक पुसून तेलाचा हात, कूलंटच्या टाकीतला गाळ काढणार, कूलंट बंद करून व्हील कोरडं फिरवणार.’

इंद्रजितनं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि फिदीफिदी हसला. तो शेजारच्याच लाइनमधला, हाताला चांगला, पण जिभेला हाड नसलेला.

“अगं ताई, मशीन बुक करतेयस की बारशाचा हॉल? सफाईचा पण टाइम लिहितात काय कोणी?”

“लागतो म्हणून लिहिते,” जयमाला म्हणाली. “तुझं आठ ते दहा आहे ना? दहाला ऊठ म्हणजे झालं.”

“टेन्शन नको घेऊ. माझं सेटिंग काही नाही.”

शुक्रवारी दहाला ती दिघ्याच्या भट्टीतून कडक करून आणलेल्या चारही प्लेट्स कापडात गुंडाळून दारात उभी राहिली, तेव्हा हे महाशय मशीनवरच होते. हिरवं व्हील लावून कार्बाइडची कठीण हत्यारं घासत होते. सव्वादहाला उठले, व्हील काढून पिशवीत टाकलं, “सॉरी हां ताई, पंधराच मिनटं,” म्हणाले आणि पसार झाले.

पंधरा मिनिटं तिनं सोडलीही असती. पण मागे जे ठेवून गेला होता ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लेट जिच्यावर चिकटून बसते ती चुंबकी चक करड्या चिखलानं माखलेली, काम थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत गाळाचा थर. आणि कार्बाइडचा एक कण जरी प्लेटखाली राहिला तरी दहा मायक्रॉनचं काम मातीत जातं. तिनं पदर खोचला, शिव्या मनातच गिळल्या आणि चक धुतली, पुसली, तेलदगडानं हलकेच घासली, हाताच्या तळव्यानं चाचपली. टाकी उपसली. पंचवीस मिनिटं गेली. म्हणजे एकूण चाळीस.

मग मात्र ती थांबली नाही. व्हील बोटानं टिचकी मारून ऐकलं, स्वच्छ वाजलं, म्हणजे तडा नव्हता. चढवलं, बॅलन्स केलं, हिऱ्याच्या टोकानं ड्रेसिंग करून सरळ केलं. पहिली प्लेट, दुसरी. घाई करून एकदम खोल कापलं तर प्लेट तापून वाकते, म्हणून कणाकणानंच घेत होती. साडेबारा झाले, एक झाला. मान मोडून हिशेब केला तरी उत्तर तेच : काम दोन दहाला संपणार, सफाई धरून दोन चाळीस. आणि दोन वाजता सिताराम काकांचा नंबर.

सिताराम काका म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यात जुने आणि सगळ्यात कडू. एक मिनिट उसनं देणार नाहीत अशी ख्याती. सफाई सोडली तर दहाच मिनिटांच्या उशिरात ती उरकली असती. इंद्रजितनं तेच केलं होतं, आणि कुणी त्याचं काय वाकडं केलं होतं? विचार मनात आला खरा. तिला स्वतःचीच चीड आली.

तिसरी प्लेट चकवर असताना, मशीनची पुढंमागं चाललेली फेरी डोळ्यांनी धरत, तिनं बाबासोंना हाक मारली. “सिताराम काकांचं सेटिंग काय लिहिलंय हो?”

बाबासोंनी चष्मा लावला आणि वाचायच्या आधीच हसू लागले. “‘दोन ते पाच. सेटिंग : मागच्याची घाण काढणं, चाळीस मिनटं.’ दर टायमाला त्येच लिवत्यात ताई. म्या किती सांगितलं, असलं लिवू नगा. ऐकत न्हाईत.”

जयमालाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

दोनला पाच मिनिटं असताना काका आले. हातात व्हीलची पेटी, कपाळावर आठ्या. मशीन चालूच बघून त्यांनी तोंड उघडलं, पण जयमालानंच आधी सुरुवात केली.

“काका, तुम्ही चाळीस मिनिटं घाण काढायला लिहिलीत. मी घाण ठेवत नाही. ती चाळीस मिनिटं मला द्या. दोन चाळीसला मशीन तुमच्या हातात, फडकं मारायचीही गरज पडणार नाही.”

काका वहीकडे गेले, तिची ओळ बोट ठेवून वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत.

“आणि कचरा सापडला तर?”

“तर पुढच्या महिन्यात माझा एकही नंबर लावू नका. बाबासो ऐकतायत.”

“चल, कर,” काका म्हणाले आणि स्टूल ओढून समोरच बसले, घड्याळ हातात घेऊन.

दोन दहाला चौथी प्लेट उतरली. चारही सपाटी मोजणाऱ्या डायलखाली फिरवल्या, काटा सहा मायक्रॉनच्या वर हलला नाही. मग तिनं कूलंट बंद करून व्हील कोरडं फिरत ठेवलं, म्हणजे पाणी एका अंगाला साचून ते पुढच्या वेळी थरथरत नाही. प्लेट्सचं चुंबकत्व उतरवलं. व्हील काढलं. गाळ काढला, चक पुसली, तेलाचा हात दिला. दोन अडतीस.

काकांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि चकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. उजेडात धरला. तेलाचा फिकट डाग, बाकी काही नाही. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “जा आता, कंपनीचं गेट बंद होईल,” एवढंच म्हणाले.

साडेचारला प्लेट्स तपासणीत होत्या. सव्वापाचला चारही पास झाल्या, आणि जयमाला गेटबाहेरच्या टपरीवर एकटीच उभी राहून एकामागून एक दोन कटिंग प्यायली. इतका आनंद तिला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

सोमवारी ती पुढचा नंबर लावायला आली. बाबासोंनी वही तिच्यापुढे सरकवली. तिची स्वतःची ओळ अजून लिहायचीच होती, पण त्या पानावर सिताराम काकांनी आधीच नोंद करून ठेवली होती, ठसठशीत अक्षरात :

‘वार कुठलाही चालेल. जयमालाबाईंच्या नंतरची वेळ द्यावी. सेटिंग : काही नाही.’