मंगळवारचा फोटो

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आमच्या भागात अशा माणसाला एक बिनपगारी नोकरी आपोआप मिळते. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्यानं येऊन उंबऱ्यावर बसायचं आणि पायाळू माणसानं मागून त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचा. लग्न होऊन वडूजजवळच्या या गावात आले, तेव्हा मी बारावी पास आहे हे कुणी विचारलंही नाही. पायाळू आहे हे मात्र दुसऱ्या दिवशी आख्ख्या आळीला ठाऊक होतं. ती बातमी पोचवली माझ्या सासूनं, भामाबाईनं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात.

आत्या बाहत्तरच्या. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, आता दारात एक म्हैस आणि चार शेळ्या. जिभेला धार. तीन-चार वर्षांपासून त्यांना नवी खोड लागली होती. फळीवरचा डबा पाहिजे असला की मला हाक. मी चुलीपाशी असले तरी हाक, अंघोळीला असले तरी हाक. मी मनात म्हणायचे, हात मोडले का हिचे? सासूपण गाजवायची हौस, दुसरं काय.

त्या सोमवारी सकाळी आत्यांनी म्हशीपुढं ठेवायला पेंडीची बादली उचलली आणि वाकलेल्या तिथंच थांबल्या. पाठीत काडकन झालं म्हणाल्या. ना पडल्या, ना कुठं आदळल्या. मी धरून आणून बाजेवर निजवलं. घामानं कपाळ भिजलं होतं. शेळीनं शिंग मारलं तरी शेळीलाच शिव्या देऊन कामाला लागणारी बाई ती. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघेना.

नवरा सूरज शिरवळला कंपनीत कामाला, आठवड्यानं घरी येतो. फोनवर म्हणाला, फोटो काढून आण. मंगळवारी चुलतदिराच्या, नाथाजीच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून मी त्यांना वडूजला नेलं. एक्स-रे काढणारा नईम म्हणून तिशीचा माणूस. त्यानं आत्यांना आधी उताणं, मग कुशीवर निजवलं, श्वास रोखायला लावला आणि दोन फोटो काढले. फोटो पडद्यावर आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. बोलणं अर्धवट सोडून तो पडद्याजवळ सरकला.

काय आहे विचारलं तर म्हणाला, ते डॉक्टरच सांगतील, आणि हाडांचे डॉक्टर इथं गुरुवारी येतात. तोवर आजींना वाकू देऊ नका, काही उचलू देऊ नका. पाय गळल्यासारखे वाटले किंवा लघवी अडली तर गुरुवारची वाट बघू नका, तडक साताऱ्याला जा. तसं तर आजच गेलात तरी चालेल. आत्यांनी साताऱ्याला जायला साफ नकार दिला. फोटोचं मोठं पाकीट घेऊन आम्ही घरी आलो. मी ते खुंटीला अडकवलं.

बुधवारी सकाळी आत्या म्हणाल्या, फोटो काढून झाला, आता पाय लाव.

मी नको म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नाही. डॉक्टर काय म्हणतात बघू, एवढंच पुटपुटले. नईमनं वाकायचं नाही, उचलायचं नाही असं सांगितलं होतं. पाय लावू नका असं सांगायचं त्याच्या डोक्यात कुठून येणार? आणि खरं सांगायचं तर या एकाच कामामुळं मला गावात मान होता. सोडवत नव्हता तो.

आत्या कशाबशा उंबऱ्यावर बसल्या, तोंड आत, पाठ अंगणाकडं. शेजारच्या राहीबाई आणि आणखी एक बाई बघायला उभ्या. मी अंगणातून पहिला पाय लावला, नुसता टेकवला. दुसरा तसाच.

"आगं जरा जोर लाव," आत्या म्हणाल्या. "आईच्या पोटातनं नीट यायला जमलं न्हाई, निदान पाय तरी नीट लाव."

राहीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. माझी आई त्या बाळंतपणातून उठली नव्हती. हे आत्यांना माहीत होतं, राहीबाईंना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि तिसरा पाय मी टाचेनं मारला. लावला नाही, मारला.

आत्या हूं करून पुढं झुकल्या. मग म्हणाल्या, बरं वाटलं. पण दुपारपासून त्यांना कुशीवरही वळता येईना. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जाऊन म्हणायचे, आत्या, पायाची बोटं हलवा बघू. बोटं हलली की बाहेर यायचे, आणि दहा मिनिटांनी परत आत. आत्या वैतागल्या. माझ्या टाचेला मात्र तो ठोका सारखा जाणवत होता.

गुरुवारी डॉक्टरांनी तो फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि आम्हाला दाखवला. मणके एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे दिसत होते, सगळे सारख्या उंचीचे. त्यांतला एक मात्र पुढून चेपलेला, मागून उंच, पुढं निम्मा, दाराला लावायच्या पाचरीसारखा. कमरेचा पहिला मणका आहे आणि तो दबून मोडलाय, डॉक्टर म्हणाले. वर आणखी एक थोडा चेपला होता, तो बहुधा जुना. आजींची उंची कमी झालीय का, त्यांनी विचारलं. मला फळीवरचे डबे आठवले. चार वर्षं मी जिला सासूपणाची हौस म्हणत होते, ती बाई हळूहळू बुटकी होत चालली होती.

हाडं पातळ झाली की पडायलाही लागत नाही, वाकून बादली उचलली तेवढं पुरतं, असं डॉक्टर म्हणाले. मी फोटोच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. मंगळवार. माझा पाय बुधवारचा. म्हणजे मी मोडलं नव्हतं. छातीवरची धोंड उतरली, आणि पुढच्याच क्षणी दुपटीनं येऊन बसली. मोडलेल्या हाडावर मारला होता मी पाय.

डॉक्टर मणक्याच्या मागच्या कडेवर बोट ठेवून सांगत होते की ही कडा शाबूत आहे, हे महत्त्वाचं. हिच्या मागूनच पायांच्या नसा जातात. इथला तुकडा मागं सरकला तर पाय जाऊ शकतात. शाबूत आहे, ते म्हणत होते, आणि मला ऐकू येत होतं, मंगळवारी शाबूत होती.

त्यांनी आत्यांचे पाय उचलून पाहिले, तळव्यांना टोचून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पायांत जोर होता. मग विचारलं, दुखणं सोमवारसारखंच आहे की वाढलंय? कालपासून वाढलंय, आत्या म्हणाल्या. काल काही झालं का? मार, धक्का?

"न्हाई," आत्या म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर कागद ओढून औषधं लिहायला लागले. मी गप्प बसले असते तर गोळ्या घेऊन आम्ही घरी गेलो असतो, दुसरा फोटो कुणी काढलाच नसता, आणि ती कडा आज शाबूत आहे की नाही हे आत्यांचे पाय गेल्यावरच कळलं असतं. सूरजला कळेल, गावाला कळेल, सुनेनं सासूची पाठ मोडली असं म्हणतील. हे सगळं डोक्यात येऊन गेलं, लपवत नाही.

"डॉक्टर, काल मी यांच्या पाठीला पाय लावला. पायाळू हाय मी. तीनदा लावला. तिसरा जोरात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी फक्त नईमला बोलावलं आणि पुन्हा कुशीवरचा फोटो काढा, आत्ता, असं सांगितलं.

आत्यांना ढकलगाडीवरून आत नेलं आणि दार लागलं. बाकावर बसवेना म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला आयुष्यात अशी भीती वाटलेली नाही. पोरगी झाली तेव्हाही नाही. या घरातल्या सगळ्या वाटा या बाईच्या पायांनी पडल्यात, आणि मी तिला बाजेवर खिळवलं असेल तर रोज सकाळी तिचं तोंड कसं बघू? आतून नईमचा आवाज आला, श्वास रोखा. मीही रोखला.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि पट्टीनं मोजले. मणका पुढून आणखी थोडा खचला होता. मागची कडा होती तशीच होती. त्यांनी ती दोनदा तपासली.

"माझ्या पायानं खचला?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "असं हाड पहिल्या काही दिवसांत आपोआपही आणखी खचतं. पायानंही खचलं असेल. हा फोटो ते सांगू शकत नाही. पण यापुढं कुणाच्याच पाठीला पाय लावायचा नाही."

मग ते आत्यांना म्हणाले, "सून बोलली म्हणून मला बघता आलं." साताऱ्याला एमआरआय करायला सांगितलं, रक्त तपासायला सांगितलं, कारण क्षयानं किंवा गाठीनंही मणका असा बसतो. पुढच्या आठवड्यात कळलं की तसं काही नाही, हाडंच पातळ आहेत. रक्ताचे रिपोर्ट बघून हाडांसाठी वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन ठरलं, शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या, आणि उठताना खांद्यावरून बांधायचा पाठीचा पट्टा. पट्टा किती ओढायचा याची खूण डॉक्टरांनी त्यावर पेनानं करून दिली.

राहीबाई परवा कमरेवर हात ठेवून आल्या आणि उंबऱ्यावर बसायला लागल्या. मी त्यांना उठवलं आणि नईमचा पत्ता सांगितला. रुसून गेल्या. जाऊ देत.

मग मी आत्यांना कुशीवर वळवून, आधार देऊन बसवलं आणि पट्टा बांधायला घेतला. पाठ माझ्याकडं होती म्हणून बोलता आलं.

"आत्या, तिसऱ्या पायात राग हुता."

"कळलं की मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं काढायला नको हुतं मी."

"मग तुमी डॉक्टरास्नी न्हाई कशाला म्हनाला?"

"तुला बोल लागला असता."

मला रडू आलं. मी ते पट्ट्याच्या बंदावर काढलं, तीनदा सोडून परत लावला. मग आत्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"आगं घट्ट ओढ की. जरा जोर लाव."

मी पेनाची खूण बघितली. बंद तिथपर्यंत आणला आणि थांबले.

"हितवरच," मी म्हणाले.

आत्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हशीकडं बघायला दारापर्यंत चालत गेल्या.