दोघांची शेळी

लोहारा तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळा आहे. तिथं श्रावस्ती चित्रकला शिकवायची. ती तेर गावची. रोज येणं-जाणं जमत नव्हतं म्हणून गावातच खोली घेऊन राहायची. नववीच्या पोरांना हलती चित्रं शिकवायची, हे तिच्या मनात दोन वर्षांपासून होतं. मुख्याध्यापक उत्तरेश्वर सरांनी यंदा शनिवार दिले, आणि तेवढ्या वेळेपुरती वर्गात मोबाइल आणायची परवानगीही दिली.

तिनं पाठ टाचण मन लावून लिहिलं. पहिल्या शनिवारी नुसता कागद: वहीच्या कोपऱ्यात उडणारा चेंडू काढायचा आणि पानं भराभर सोडून बघायचा. चेंडू जिथं जोरात जातो तिथं दोन चित्रांमधलं अंतर जास्त ठेवायचं, वर पोचून रेंगाळतो तिथं कमी. एवढं हाताला कळलं की दुसऱ्या शनिवारी मोबाइल. एक फुकटचं अ‍ॅप होतं. त्यात आधीचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यावरून पुढचं काढायचं. सेकंदाला आठ चित्रं पुरेत, पोरांना झेपतील. तिसऱ्या शनिवारी प्रत्येक जोडीनं आपली छोटी फिल्म पुरी करायची, चौथ्याला सगळ्यांनी मिळून बघायची.

अडचण मोबाइलची होती. वर्गातल्या निम्म्या पोरांना घरून मोबाइल मिळण्यासारखा होता आणि त्यात मुलगी जवळजवळ एकही नव्हती. म्हणून श्रावस्तीनं जोड्या पाडल्या: एक मोबाइलवाला, एक बिनमोबाइलवाला. टाचणात लिहिलं, की मोबाइल ज्याचा नाही त्यानं आधी काढायचं. हे नाही लिहिलं तर काय होतं ते तिनं संगणकाच्या तासाला बघितलं होतं. पोरं माउस धरून बसायची आणि पोरी मागं उभ्या राहून बघायच्या.

हजेरीच्या क्रमानं जोड्या लागल्या. हर्षालीच्या वाट्याला उत्कर्ष आला. हर्षालीची आई अंगणवाडीत सेविका. घरातला एकच मोबाइल तिच्या कामात अडकलेला. उत्कर्षच्या वडिलांचं, बलभीमचं, रस्त्याला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं दुकान होतं आणि उत्कर्षला वापरायला त्यांचा जुना मोबाइल मिळाला होता.

त्या दोघांनी शेळी निवडली. भिंतीवरून उडी मारणारी. हर्षालीनं आधी मुख्य चित्रं काढली: शेळी भिंतीसमोर थांबलेली, मागच्या पायांवर दबलेली, अंग ताणून वर गेलेली, भिंतीच्या पलीकडं पाय टेकलेली. मग मधली चित्रं उत्कर्षनं भरायला घेतली. पहिल्यांदा त्यानं सगळी सारख्या अंतरावर काढली, तर शेळी पतंगासारखी तरंगायला लागली. हर्षाली हसली नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, इथं वर गेल्यावर जवळजवळ, खाली येताना लांब. उत्कर्षनं अर्धी पुसली आणि परत काढली. मग चालवून बघितली तर शेळी खरंच वजनदार झाली. दुपारी घरी जायची वेळ झाली तरी दोघं उठेनात. भिंतीवर गवत काढायचं आणि शेळी टेकल्यावरची चित्रं तेवढी राहिली होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत उत्कर्ष श्रावस्तीकडं आला. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, अ‍ॅप गेलं. पप्पांनी काढून टाकलं. त्याच्यातली शेळीही गेली.

कुणीतरी दुकानावर येऊन बलभीमला सांगितलं होतं, की तुमच्या पोराच्या मोबाइलला डोकं लावून एक पोरगी बसलेली असते. बलभीमनं काही विचारलं नाही. मोबाइल घेतला, अ‍ॅप काढलं आणि मोबाइल परत दिला.

श्रावस्तीनं आपल्या मोबाइलवर उत्कर्षच्या खात्यानं अ‍ॅप उघडून बघितलं. अ‍ॅप उघडलं, पण आतलं सगळं कोरं होतं. फिल्म पुरी झाली नव्हती म्हणून ती बाहेर काढून कुठं ठेवलीच नव्हती. टाचणात 'दिवसाच्या शेवटी जेवढं झालं तेवढं व्हिडिओ करून ठेवणे' ही ओळ नव्हती. ती आपण विसरलो, याचा तिला राग आला, आणि बलभीमचा तर आलाच.

हर्षालीला कळलं तेव्हा ती वर्गात जाऊन वही उघडून बसली. शेवटच्या तासाला श्रावस्ती शेजारी जाऊन बसली, तेव्हा म्हणाली, "मॅडम, पुसायचं हुतं तर माझं पुसायचं. त्याचं बी कशाला पुसलं?"

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर सरांनी श्रावस्तीला कार्यालयात बोलावलं. बलभीम शाळा समितीत होता, हे सरांनी बोलून दाखवलं नाही, पण न बोलताच कळत होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गावाच्या कलानं घ्यावं लागतं. मोबाइलवर मुलं करतील. मुलींनी कागदावर करावं, वहीच्या कोपऱ्यातला चेंडू. तेही अ‍ॅनिमेशनच आहे.

"आणि मी काय नवीन सांगत न्हाय, मॅडम," सर म्हणाले. "कागद तर तुमच्याच टाचणात हाय."

"कागद पहिल्या शनिवारी आहे, सर. सगळ्यांना आहे."

"तेच पुढं चालू ठेवा. मुलींपुरतं."

श्रावस्तीचे कान तापले. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ सरांनी तिच्याचविरुद्ध फिरवली होती, आणि तीही इतक्या गोड आवाजात. तिनं टाचणाचा कागद टेबलावरून उचलला. बदललेल्या टाचणावर आपण सही करणार नाही, असं तिनं सांगितलं. मोबाइल मिळतील तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नको. सर म्हणाले, मग कुणालाच नको. त्यांना वाटलं, विषय संपला.

शाळा सुटल्यावर ती थेट बलभीमच्या दुकानात गेली. बलभीम तांब्याची तार गुंडाळत होता. तिला बघून उठला, पोराला पाणी आणायला सांगितलं. उत्कर्ष आतच होता. तांब्या घेऊन दारात उभा राहिला.

"बसा मॅडम."

"बसायला न्हाय आले. तुम्ही जे पुसलं ते काय होतं, बघितलं होतं का?"

"बघायचं काय त्यात. मोबाइल आमचा हाय. उद्या गावात चार तोंडांनी बोलतील. तुमी बाहेरगावच्या, तुमाला इथलं ठाऊक न्हाय."

"त्यातली अर्धी चित्रं तुमच्या पोराची होती. त्यानं एकदा काढलेली पुसून परत काढली होती. तुम्ही तारेचा एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा उकलता का न्हाय? तसंच. ते सगळं तुम्ही न बघता फेकून दिलं."

बलभीमनं उत्कर्षकडं बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे दिसत होतं. पण दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं आणि त्याच्यासमोर मागं सरणं त्याला जमणार नव्हतं.

"मग काय झालं," तो म्हणाला. "मी परत टाकून देतो ते अ‍ॅप. काढंल घरी बसून. एकटा."

उत्कर्ष दारातून म्हणाला, "एकट्यानं केलं नव्हतं मी."

"तू गप."

उत्कर्षनं तांब्या खाली ठेवला, खिशातला मोबाइल काढून तारेच्या गुंडाळीशेजारी ठेवला आणि आत निघून गेला. श्रावस्ती पाणी न पिताच निघाली. आपण ओरडलो नाही याचं तिला बरं वाटलं नाही. ओरडायला पाहिजे होतं, असंच वाटत राहिलं.

त्या शनिवारी ती वर्गात जोडीला एक अशा फळ्या घेऊन आली. प्रत्येक फळीवर दोन खिळे ठोकलेले होते. पोरांचे कागद तिनं त्याच अंतरावर भोकं पाडून आणले होते. कागद खिळ्यांत बसवला की हलत नाही. आधीचा कागद खाली, नवा वर, आणि कागद पातळ, म्हणून खालचं चित्र फिकट दिसतं. अ‍ॅप जे करत होतं तेच. मग एकच मोबाइल, तिचा स्वतःचा. तो विटांच्या दोन चवडींवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला बांधून कागदावर उपडा रोखला. फोटो काढताना मोबाइल हलवायचा नाही, फळी हलवायची नाही, फक्त कागद बदलायचा. काढलेला एकेक फोटो अ‍ॅपमधल्या एकेका चौकटीत टाकायचा, की फिल्म तयार.

मोबाइलवाल्या पोरांनी कुरकुर केली. एकजण म्हणाला, आमचे मोबाइल घरी ठेवून आमालाच शिक्षा कशाला. श्रावस्ती त्याच्यावर भडकली. मोबाइल नसणं ही शिक्षा असेल, तर वर्गातली निम्मी पोरं ती रोजच भोगतात, असं तिनं सांगितलं. आपण जास्त बोललो हे तिला कळलं, पण तिनं शब्द मागं घेतले नाहीत.

हर्षाली आली तेव्हा उत्कर्ष तिच्या बाकावर आधीच बसला होता. ती त्याच्याशी बोलली नाही. आईनं तिला यायला मनाई केली होती आणि तिनं घरी भांडण केलं होतं. त्या भांडणाचा अर्धा राग तिनं इथं आणला होता. तिनं कागद ओढला आणि थांबलेली शेळी काढली. मग दबलेली. पेन्सिल एवढी दाबत होती की कागद फाटायला आला. उत्कर्ष कागद खिळ्यांत बसवून देत राहिला. मधल्या चित्रांची पाळी आली तेव्हा तिनं पेन्सिल त्याच्यासमोर टाकली.

"वरती जवळजवळ काढ," ती म्हणाली. दिवसभरात तेवढंच.

चौथ्या शनिवारी वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून शाळेच्या प्रोजेक्टरवर फिल्म दाखवल्या. उत्तरेश्वर सर दारापर्यंत आले, कुणाकडंच मोबाइल नाही हे बघितलं आणि मागच्या बाकावर बसले. पडद्याच्या कोपऱ्यात फुकटच्या अ‍ॅपचं नाव येत होतं. चेंडू उडाले, पाण्याचा टँकर सांडत गेला, एक म्हातारा शिंकला आणि त्याची टोपी उडाली. मग शेळी आली. कागदावर कागद ठेवून काढल्यामुळं तिची रेघ थरथरत होती, जणू तिला थंडी वाजत होती. ती दबली, उडाली, भिंतीच्या वर क्षणभर रेंगाळली आणि पलीकडं धपकन पडून गुडघ्यांत वाकून उभी राहिली. पोरांनी पुन्हा लावा म्हणून गलका केला.

नावं आली तेव्हा उत्तरेश्वर सर उठून बाहेर गेले. पडद्यावर हर्षाली आणि उत्कर्ष अशी दोन नावं शेजारी होती. श्रावस्तीनं ती सगळ्यांत मोठ्या अक्षरांत टाकली होती, हे खरं. तिला त्याची लाज वाटली नाही.

शाळा सुटली तेव्हा बलभीम फाटकाबाहेर मोटारसायकल घेऊन उभा होता. आत आला नव्हता. श्रावस्तीला बघून त्यानं मान किंचित हलवली. तिनं नमस्कार केला नाही. हर्षाली त्याच्या समोरून दप्तर खांद्यावर टाकून सरळ निघून गेली. उत्कर्ष बाहेर आला. बलभीम म्हणाला, "बस."

उत्कर्ष बसला नाही. रस्त्याच्या कडेनं चालत राहिला. बलभीमनं दोनदा हाक मारली. मग त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पोराच्या मागं मागं, पाय जमिनीला घासत, चालण्याच्या वेगानं न्यायला लागला. पोरगं मागं वळून बघेना.