पैसे पाठवलेत, खात्री करा

"पैसे परवाच पाठवलेत, खात्री करा." मेल वाचून माझं डोकंच फिरलं. खात्री काय करायची? सकाळपासून अकरा वेळा बँकेचं खातं उघडून झालं होतं. दमडी आली नव्हती. दारात प्लायवूडचा ट्रक उभा. चारपर्यंत पैसे भरा, नाहीतर माल दुसरीकडे टाकतो, असं ड्रायव्हरने बजावलं होतं. प्लाय गेलं की उद्यापासून आमची करवत बंद आणि सात माणसं घरी.

मेल होती आमच्याकडून शाळेची बाकं घेणाऱ्या कंपनीच्या हिशेबनीसकाकांची. प्रत त्यांच्या मालकांना. काकांची नऊ वर्षांची ओळख, कधी शब्द फिरवला नाही. आता तेही थापा मारायला लागले, याचंच जास्त वाईट वाटलं. तिरीमिरीत लिहिलं, "आम्हाला दूधखुळे समजता का?"

"वहिनी, हे पाठवू नका," मागून वाचणारा माझा दीर म्हणाला. "आधी व्यवहार क्रमांक मागा. त्यावरून बँक पैसे शोधून देते."

चरफडत खोडलं आणि शहाण्यासारखं लिहिलं. "रक्कम अजून जमा नाही. कृपया बँकेचा व्यवहार क्रमांक आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट द्यावा."

स्क्रीनशॉट लगेच आला. रक्कम बरोबर, खातं आमचंच. व्यवहार क्रमांकाच्या जागी मात्र नुसती रेघ, आणि खाली बारीक अक्षरात: 'दुसरी मंजुरी बाकी.' म्हणजे काकांनी सगळं भरलं होतं, पण मालकांनी मंजूर केल्याशिवाय बँक पैसे हलवत नाही. तीन वीस झाले होते. मी फोन लावला.

"काका, पैसे तुमच्या बँकेतून निघालेलेच नाहीत. साहेबांची मंजुरी बाकी दिसतेय."

"थांबा, बघतो." मग म्हणाले, "साहेब म्हणाले होते, केलं म्हणून. मी खोटं नाही हो बोललो, ताई."

"माहीत आहे," मी म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं, त्याची लाज वाटली. "मालकांना प्रत जाते ना? मी नुसतं लिहिते, क्रमांक मिळाला नाही. तुम्ही त्यांना एकट्यात सांगा."

"साहेब बाहेर आहेत, फोन घेत नाहीत, मेल तेवढी बघतात. तुमचा ट्रक थांबायचा नाही. मीच लिहितो."

त्यांची मेल आली, सगळ्यांना. "पैसे पाठवल्याचं मी कळवलं, ते चूक होतं. व्यवहार दोन दिवस साहेबांच्या मंजुरीसाठी पडून आहे. साहेबांनी तो आत्ता मंजूर करावा. ताईंची माफी मागतो."

तीन बावन्नला पैसे जमा झाले. प्लायवाल्याचे भरले, ड्रायव्हर दोर सोडायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी करवत सुरू झाल्यावर काकांचे आभार मानायला फोन केला. कुणी दुसऱ्यानेच उचलला.

"काकांना कालच घरी पाठवलं. हिशेब आता मी बघतो. काही काम होतं?"

पैसे मिळाले, एवढंच सांगून मी फोन ठेवला.