आठ मात्रा कुणी खाल्ल्या

इंदापुरात करिमाचाचीचं बांगड्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं भांड्यांचं. तिचा मुलगा अनस तबला वाजवतो, याचा तिला अभिमान कमी आणि ताप जास्त. परवा बारामतीला राजलक्ष्मीताईंचं गाणं होतं. त्यांचा नेहमीचा तबलजी आजारी पडला म्हणून साथीला अनसला बोलावलं. जमलं तर पुढच्या दौऱ्यावर नेईन, असं ताई म्हणाल्या होत्या. चाचीनंही आपला कायदा सांगून टाकला. "मी सोता ऐकनार. बरा वाजवला तर जाऊ दे. चुकला तर सोमवारपासनं दुकानात."

चुकला हे कळणार कसं, हा प्रश्न तिला सभागृहात बसल्यावर पडला. मी गावात भजनाला पेटी वाजवतो, तेव्हा शिकवणी माझ्याकडं आली.

"ताल म्हणजे मोजून आखलेलं रिंगण," मी म्हणालो. "ठरलेल्या मात्रा मोजायच्या, संपल्या की पुन्हा एकपासून. ती पहिली मात्रा म्हणजे सम. गाणाऱ्यानं कुठंही हिंडून यावं, पण समेवर दोघांची गाठ पडली पाहिजे."

पहिला ख्याल विलंबित एकतालात होता, म्हणजे बारा मात्रांचा. चाची खूश झाली. "डझनच की!" बांगड्या मोजणारी बाई ती, बोटांच्या पेरांवर तिनं बारा बरोबर धरल्या. सम आली की माना हलायच्या, तशी तिचीही हलायची. शेजारच्या बाईंकडं ती अशी बघायची, जणू ताल हिच्याच दुकानातून गेलाय.

मग द्रुत तीनताल सुरू झाला. "आता सोळा. चाराचे चार भाग. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी. नवव्याला टाळी नाही, हात नुसता बाजूला न्यायचा. ती खाली. तिच्या पुढं डग्ग्याचा घुमारा थांबतो, ऐक. धा तिं तिं ता. घुमारा परत आला की समजायचं, सम जवळ आली."

"डझन आनि वर चार," चाची म्हणाली आणि मोजायला लागली. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, खालीवरून उठायचा आणि त्यातला ‘घर’ हा शब्द नेमका समेवर पडायचा. सोळा मात्रांच्या चार-पाच फेऱ्यांत, म्हणजे आवर्तनांत, तिला ते पाठ झालं.

पुढं ताईंनी एक लांबलचक तान घेतली, आणि ती संपवून त्यांनी मुखडा उचलला. तो उचलला समेवरून. खाली आहे असं त्यांना वाटलं होतं. म्हणजे ‘घर’ पडणार नवव्या मात्रेवर. अनसनं मान वर केली नाही. त्यानं तिथंच एक तिहाई सुरू केली, एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा ताईंच्या ‘घर’वर आणून ठेवला. तीच सम केली आणि तिथूनच पुढचा ठेका धरला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"चुकला!" टाळ्या ओसरता ओसरता चाची ओरडली. "माझी नवच झाली हुती! आठ खाल्ल्या त्यानं!"

पुढच्या दोन रांगा वळल्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय ते मी पाहिलं, आणि हळद माझीच होती. मोजायचं शिकवलं, पण साथ म्हणजे काय ते सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा कुजबुजून सांगावं, तर ती ऐकायच्या पलीकडं गेली होती.

गाणं संपल्यावर ती तडक रंगमंचामागं गेली. ताई शालीची घडी घालत होत्या, अनस तबल्यावर गवसणी चढवत होता.

"सोळाच्या जागी आठच वाजवल्या का न्हाय?" तिनं विचारलं.

अनसनं एकदा ताईंकडं पाहिलं. "व्हय अम्मी. चुकलं माझं."

"मग सोमवारी दुकान उघडायचं."

"उघडतो."

मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. मी तोंड उघडलं, तर त्यानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ताईंची घडी तीनदा विस्कटली. शेवटी त्यांनी शाल खुर्चीवर टाकली.

"चाची, चुकले मी. मुखडा अर्धं आवर्तन आधीच घेतला. हा आपला ठेका धरून बसला असता तर आख्ख्या सभागृहाला माझी चूक दिसली असती. ह्यानं सम उचलून माझ्याखाली आणून ठेवली."

चाची लेकाकडं वळली. "मग मला खोटं का बोललास रं?"

"साथीला बसलो हुतो अम्मी," अनस म्हणाला.

चाचीचे डोळे भरले. ते तिनं पदरानं रागानंच पुसले आणि ताईंकडं वळली.

"न्या ह्याला," ती म्हणाली. "पर ताई, तुमी बी जरा मोजत जावा."