वरची चौकट

"'अजूनही अनेक जण अज्ञानापोटी असं मानतात' म्हणे!" लिफ्टमध्ये मागे उभी असलेली बाई फोनवरची इन्सुलिनची पोस्ट बघत नवऱ्यापाशी कुरकुरली. "लिहिणारी मोठी शहाणी लागून गेली. आम्ही काय दगडधोंडे आहोत?"

"मग तू नाही ना मानत तसं?" नवऱ्याने विचारलं.

"मानत होते थोडंसं. आता मात्र मुळीच सोडणार नाही."

लिहिणारी शहाणी त्यांच्या नाकासमोरच उभी होती, जेवणाचा डबा छातीशी धरून. तिने मान आणखी खाली घातली आणि तळमजला येताच सगळ्यांच्या आधी बाहेर सटकली.

हॉस्पिटलात तिला सगळे पोस्टबाई म्हणत. लोकांच्या आजारांविषयीच्या समजुती शोधायच्या, खरं काय ते काढायचं, डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि हॉस्पिटलच्या पानावर चित्र करून टाकायचं, हे तिचं काम. चित्रात तीन चौकटी असत: वर लोक काय म्हणतात, मध्ये पुरावा काय सांगतो आणि खाली काय करावं. एक्स-रे विभागामागच्या बिनखिडकीच्या खोलीतून ती हजारो लोकांशी बोलायची. दिवसभरात तिच्याशी बोलणारं मात्र कुणी नसायचं. डबासुद्धा ती स्क्रीनसमोर बसून खायची, तेवढीच सोबत.

डबा उघडते न उघडते तोच घरच्या ग्रुपवर मावशीचा निरोप आला. सोबत एक चित्र. वर हॉस्पिटलचं चिन्ह, खाली ठसठशीत लाल अक्षरं: "इन्सुलिन सुरू केलं की डोळे आणि किडनी जातात." त्याखाली मावशीने लिहिलं होतं, "बघा. हिच्याच हॉस्पिटलचं आहे. मी उगाच सांगत नव्हते."

पोस्टबाईचा घास हातातच राहिला. चित्र तिचंच होतं. कुणीतरी फक्त वरची चौकट कापून पुढे ढकलली होती आणि खालच्या दोन हवेत विरल्या होत्या. स्वतःच्या हाताने तिने खोट्याला हॉस्पिटलचा शिक्का मारून दिला होता.

मावशी म्हणजे आईमागे तिला वाढवणारी बाई. मधुमेह जुना, गोळ्या आता पुरेनाशा झालेल्या, पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं होतं. ते मावशीच्या फ्रिजच्या दारात जसंच्या तसं पडून होतं. जखम अशीच राहिली तर अंगठा जाईल, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेवढ्यात मावशीच्या मुलाचं उत्तर आलं. तो दूरच्या शहरात असतो, आणि तिथून हात जोडलेली चित्रं पाठवतो. "ताई, तू समजाव ना आईला. तुझं तर कामच आहे हे." हात जोडलेले.

ताईने डबा बंद केला आणि मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंची खोली गाठली.

"लोक कापतात," डॉक्टरीणबाईंनी कापलेलं आणि मूळ, दोन्ही चित्रं पाहून शांतपणे म्हटलं. "कापलं तरी खरं तेच हाती राहील, असं लिही. तू सगळ्यात मोठी अक्षरं कुणाला दिलीस?"

"गैरसमजाला."

"मग तोच लक्षात राहणार. आणि हे 'अज्ञानापोटी' काय आहे?"

"काढते."

"नुसतं काढू नकोस. लोकांना असं का वाटतं, ते लिही. कारणाशिवाय कुणी घाबरत नाही. आणि इन्सुलिनने साखर फार उतरू शकते, तेही लपवू नकोस. एक खरं लपवलं की बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील?"

पोस्टबाईने सगळं पुन्हा लिहिलं. एकच सलग मजकूर, चौकटी नाहीत, चिन्ह अगदी तळाशी. मग रोजच्या सवयीप्रमाणे वाचक शोधायची वेळ आली. पोस्ट टाकण्याआधी ती नेहमी कुणालातरी मोठ्याने वाचायला लावायची. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे चूक लिहिणाऱ्याची, असा तिचा नियम होता. एरवी ती रांगेतल्या एखाद्या बाईला गाठायची. आज मात्र तिने बस पकडली.

मावशीने दार उघडलं ते पाय ओढत. घर लख्ख होतं, इतकं लख्ख की त्यात कुणी वावरत असेल असं वाटेना. टीव्ही आवाज बंद करून चालू होता.

"आलीस? भाषण द्यायला आली असशील तर खुर्ची तिकडे आहे."

"भाषण नाही. काम आहे माझं. वाचून दाखव."

"माझा चष्मा लागतो तुझ्या कामाला, वा!" असं म्हणत तिने चष्मा चढवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. "'इन्सुलिन डोळे आणि किडनी खराब करत नाही. वर्षानुवर्षं वाढलेली साखर करते.' ...हं. म्हणजे मी खोटी."

"पुढे वाच तरी."

"'अनेकांनी आपल्याच घरात पाहिलं आहे, की इन्सुलिन सुरू झालं आणि मागोमाग किडनी गेली. म्हणून भीती बसते. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे.'" मावशी थांबली. कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "हे तुझ्या काकांचं लिहिलंस."

"सगळ्यांच्याच काकांचं आहे गं."

"तुझा पुरावा कागदावरचा, बये. माझा डोळ्यांदेखतचा."

"म्हणूनच तो खोडला नाहीये. पुढची ओळ बघ."

"'पण बहुतेकदा इन्सुलिन फार उशिरा सुरू होतं, तोवर नुकसान झालेलं असतं. हजारो रुग्णांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा साखर आटोक्यात ठेवणाऱ्यांचे डोळे आणि किडन्या कमी बिघडल्या. त्यांत इन्सुलिन घेणारेही होते.'" मावशीने सुस्कारा टाकला. "काका पण नको नकोच करत राहिले. वर्षं गेली त्यात. मग घेतलं, तेव्हा राहिलं काय होतं?"

पोस्टबाईला वाटलं, झालं. काम फत्ते. मावशी पुढे वाचत होती, आवाज आता सरळ चालला होता.

"'इन्सुलिनने कधीकधी साखर फार उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, गोंधळल्यासारखं होतं. लगेच साखर किंवा गोड पेय घ्यावं. घरातल्या एका माणसाला ही...'"

ती अडखळली.

"'घरातल्या एका माणसाला...'"

पुन्हा तिथेच. पोस्टबाईने पेन काढलं. "'लक्षणं' शब्द जड जातोय का? 'खुणा' करू?"

"शब्द बरा आहे."

"मग काय चुकलं?"

मावशीने कागद मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून साडीच्या पदराला पुसत राहिली, तो स्वच्छ असूनही. शेजारच्या खोलीत काकांच्या पलंगावर चादर ताणून घातलेली होती. पोस्टबाईला आठवलं, काका गेल्यापासून ग्रुपवर जखमेचे फोटो आले, गोळ्यांच्या वेळा आल्या, डॉक्टरांचे नंबर आले. घरातला तो एक माणूस कोण, हा प्रश्न मात्र कुणीही विचारला नव्हता. मुलाने नाही, आणि स्वतः दोन खोल्यांत एकटी राहणाऱ्या पोस्टबाईनेही नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"शेजारीण आहे ना," ती घाईने म्हणाली. "तिला शिकवू. मी रोज फोन करीन. आणि ते बटण असतं बघ, गळ्यात घालायचं, दाबलं की मदतीला फोन जातो..."

"सुईची भीती नाही गं मला," मावशी म्हणाली. "डोळ्यांची पण नाही. ते सगळं मी ढाल म्हणून धरलं होतं. मला एकटीला राहायचं नाहीये."