वीस सेकंदांची मालकी

व्हिडिओ चढवून झाला, चहाचा कप तोंडाला लागला आणि तेवढ्यात मेल आला. स्टुडिओताईने तो वाचला, परत वाचला, आणि कप इतक्या जोरात खाली ठेवला की टेबलावरच्या पासपोर्ट फोटोंवर चहा सांडला.

"अहो, इकडे या! मी चोर आहे म्हणे!"

तिचा नवरा विमा एजंट. स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्याचं ऑफिस. कुठलाही कागद आला की आधी बारीक अक्षरं वाचायची आणि मग घाबरायचं, हा त्याचा धंदाच. तो चष्मा सावरत आला आणि वाचू लागला. 'तुमच्या व्हिडिओत एका वृत्तवाहिनीच्या मालकीचा मजकूर आढळला आहे. मालकाच्या सूचनेनुसार हा व्हिडिओ सर्वत्र बंद करण्यात आला आहे.'

"मालकाच्या!" ताई कडाडली. "मालक मी! ट्रायपॉड माझा, कॅमेरा माझा, गच्ची माझी, उन्हात उभी मी, आणि मालक ते?"

झालं होतं असं. दुरुस्तीहून आलेला कॅमेरा नीट चालतो की नाही हे बघायला ताईने तो गच्चीवर लावला होता, समोरच्या उताराच्या रस्त्याकडे तोंड करून. त्याच वेळी त्या उतारावरून एक बस ब्रेक निकामी होऊन सुटली आणि खालच्या भिंतीवर आदळली. कोणी गेलं नाही, हे नशीब. कोणाचा हात मोडला, कोणाचं डोकं फुटलं. संध्याकाळी एका वाहिनीचा बातमीदार आला. "ताई, वापरू ना? नाव देतो तुमचं," म्हणाला. ताई म्हणाली, वापरा. सगळं फुटेज पेनड्राइव्हवर घालून दिलं, वर चहाही पाजला.

त्या पठ्ठ्यांनी सात मिनिटांतली वीस सेकंदं उचलली. बस सुसाट येते, फुटपाथकडे वळते, धडकते. संपलं. खाली लाल पट्टीवर लिहिलं, 'चालक दारूच्या नशेत?' ते प्रश्नचिन्ह बघून ठेवा. प्रश्नचिन्ह लावलं की काहीही बोलायला मोकळे! ताईचं नाव तर नव्हतंच. फ्रेम चारी बाजूंनी कापून कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारला होता. दोन दिवस तीच वीस सेकंदं प्रत्येक मोबाइलवर फिरत होती आणि गाव त्या ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार करत होतं.

उरलेल्या मिनिटांत काय होतं ते कोणी पाहिलंच नव्हतं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, दिवे उघडझाप करत होता. कंडक्टर दाराला लटकून लोकांना बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. खालच्या चौकात शाळेच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यात शिरायला नको म्हणून ड्रायव्हरने बस आधी कठड्याला घासत आणली आणि मग रिकाम्या भिंतीवर घातली. धडकेनंतर स्वतःच्या कपाळातून रक्त गळत असताना एकेका प्रवाशाला धरून खाली उतरवत होता. दारुड्या म्हणे!

म्हणून ताईने अख्खा व्हिडिओ आपल्या चॅनेलवर चढवला, आणि एकाही माणसाने बघायच्या आत तो बंद पडला.

"कोणी बसून बघितलंय थोडंच," ती नवऱ्याला सांगू लागली. लग्नाच्या शूटिंगमागे गाणी लावून तिने असले दावे बरेच झेलले होते. "त्यांनी अख्खं बातमीपत्र नमुना म्हणून व्हिडिओ साइटच्या त्या मशीनला दिलंय. मशीन सगळ्यांचे व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघतं. माझ्यात तेच चित्र सापडलं, की मारला शिक्का. त्यांचं आधी गेलं, माझं नंतर आलं, म्हणजे मी चोर."

तिने बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ते आमचं वेगळं डिपार्टमेंट आहे." आणि फोन ठेवला. चहा पिताना बरं एकच डिपार्टमेंट होतं!

दुपारी ड्रायव्हरची बायको आली. ती दारातच उभी राहिली. ताईने हाताला धरून आत आणून बसवलं.

"ताई, तुम्ही काहीतरी लावणार होतात ना? आम्ही सकाळपासून बघतोय. काहीच दिसत नाही."

"वहिनी, अडवलंय त्यांनी. पण अपघाताच्या चौकशीवाल्या साहेबांना मी सगळं फुटेज दिलंय. तिथे निकाल नीट लागेल."

वहिनी म्हणाली, "साहेबांनी कुठे शिव्या दिल्यात आम्हाला? शिव्या लोकांनी दिल्यात. साहेबांचा कागद फायलीत जाईल. लोक थोडेच फाइल वाचणार आहेत? हे घराबाहेर पडत नाहीत, ताई. दूध आणायलासुद्धा नाही. खिडकी लावून बसतात."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दाव्याचं पान उघडलं.

तिथे तीन वाटा होत्या. पहिली वाट सोपी, दाव्यात अडकलेला तुकडा कापून टाका, बाकीचा व्हिडिओ लगेच खुला.

"हे बरंय की," नवरा म्हणाला.

"काय बरंय? धडकच काढून टाकली तर लोक म्हणतील, बघा, नेमकी धडक लपवली. नाही कापणार. एक फ्रेमसुद्धा नाही."

दुसरी वाट साधी हरकत. ती जाते कोणाकडे, तर ज्याने दावा केला त्याच्याचकडे! मशीनवाले मध्ये पडत नाहीत. आणि त्याला उत्तर द्यायला तब्बल महिना. तोवर व्हिडिओ बंद. तिसरी वाट थेट अपिलाची. तिथे समोरच्याला आठवडाभरात उत्तर द्यावं लागतं. पण तो हट्टाला पेटला आणि व्हिडिओ काढून टाकायची कायदेशीर मागणी केली, तर हिच्या चॅनेलवर डाग लागतो. असे तीन डाग, की चॅनेल कायमचं बंद.

"तुझी सगळी लग्नं, सगळे नमुने त्या चॅनेलवर आहेत," नवरा कुजबुजला. "नवीन गिऱ्हाईक तेच बघून येतं. महिना काय, बघता बघता जाईल."

"तुमचा जाईल," ताईने वहिनीकडे बघितलं. "त्यांचा नाही जाणार." आणि तिसरी वाट दाबली.

कारण निवडायचं होतं. नवऱ्याने बोट ठेवलं, "हे घे. 'माझ्याकडे परवानगी आहे.' नम्र वाटतं."

"माझ्याच पोराला कडेवर घ्यायला मी शेजारणीची परवानगी घेऊ?" तिने 'हे माझं स्वतःचं चित्रण आहे' यावर टिचकी मारली.

मग पत्र. पहिल्या मसुद्यात इतक्या शेलक्या शिव्या होत्या की वहिनीसुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. नवऱ्याने एकेक करून त्या काढल्या. 'निर्लज्ज' हा शब्द ठेवायचा यासाठी ताई बराच वेळ भांडली आणि हरली. शेवटी उरलं ते असं:

'हे चित्रण मी माझ्या गच्चीवरून, माझ्या कॅमेऱ्याने केलं आहे. मूळ फाइल माझ्याकडे आहे. तुमच्या बातमीदाराला मी ते बातमीत वापरू दिलं, विकलं नाही, दान केलं नाही. तुम्ही दाखवलेला तुकडा वीस सेकंदांचा, चारी कडांनी कापलेला. माझा व्हिडिओ सात मिनिटांचा, न तोडलेला, आणि तुमच्या चौकटीबाहेरचा रस्ताही त्यात दिसतो. वीस सेकंदांतून सात मिनिटं कशी निघतील? जे फक्त तुमचं नाही ते नमुना म्हणून देण्याचा तुम्हाला अधिकार नाही. दावा मागे घ्या आणि तो तुकडा तुमच्या नमुन्यातून वगळा. नाहीतर तो उद्या पुन्हा मलाच पकडेल.'

खाली पूर्ण नाव टाइप करून सही केली. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं. 'दावा मागे घेण्यात आला आहे.' बस्स. माफी नाही, 'चूक झाली' नाही, काही नाही. व्हिडिओ खुला झाला. ताईने ओळखीतल्या झाडून सगळ्यांना पाठवला. संध्याकाळपर्यंत पन्नासेक लोकांनी पाहिला, त्यातले निम्मे नातेवाईक. त्या वीस सेकंदांना लाखो मिळाले होते.

आणि रात्रीच्या बातम्यांना वहिनीचा फोन. हुंदके देत, हसत, "ताई, टीव्ही लावा! दाखवतायत! यांना हिरो म्हणतायत!"

ताईने टीव्ही लावला. तीच वाहिनी. तोच शिक्का. पडद्यावर तिची सातच्या सात मिनिटं, आणि खाली लाल पट्टी, 'फक्त आमच्याकडे! चालकाने वाचवले प्राण!' आता प्रश्नचिन्ह नव्हतं. दावा तपासताना त्यांनी पूर्ण व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला असणार आणि उचलून खालच्या मजल्यावरच्या बातमीवाल्यांना दिला असणार. निवेदिका गहिवरून सांगत होती की आमच्या वाहिनीने सत्य शोधून काढलं.

ताईला हसावं की टीव्ही फोडावा, कळेना. फोनवर वहिनी म्हणत होती, "अख्खी गल्ली घरात जमलीय, ताई. देव भलं करो त्या चॅनेलवाल्यांचं." ताईने ओठ चावला आणि म्हणाली, "हो, वहिनी. छान झालं." खरंच छान झालं होतं. म्हणून तर राग कुठे काढावा तेच समजत नव्हतं.

सकाळी स्टुडिओ उघडला तर मेल येऊन पडला होता. नव्या बातमीपत्राचा नमुना मशीनच्या पोटात गेला होता. या वेळी वीस सेकंदं नाहीत, संपूर्ण व्हिडिओ त्यांच्या मालकीचा. पुन्हा बंद.

"आता सोड," नवरा हळूच म्हणाला. "ज्याच्यासाठी केलंस तो सुटला ना? आता कोणासाठी लिहितेस?"

पत्राचं पान उघडं होतं आणि ताईची बोटं हलत नव्हती. खरंच, कोणासाठी? बातमी सगळ्यांनी पाहिली. तिचं नाव कोणाला हवंय?

दारात सावली पडली. कपाळाला पट्टी बांधलेला एक उंच माणूस चपला काढत होता. ताईने त्याला फक्त आपल्या कॅमेऱ्यातच पाहिलं होतं. नवऱ्याने घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"बायकोने सगळं सांगितलं," ड्रायव्हर म्हणाला. "काल गल्लीने मला हार घातले. याच गल्लीने. ताई, त्या लोकांनी मला आधी दारुडा केलं, आता देव केलं. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही. जसं घडलं तसं दाखवलं ते तुम्ही एकट्यांनी. ते परत बंद पडलंय म्हणे?"

"पडलंय, भाऊ."

"मग लिहा. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

"अहो, पण ते त्यांच्याकडे जाईल. पुन्हा तुमच्या नावाने काही..."

"जाऊ दे. आत्तापर्यंत माझं नाव सगळ्यांनी घेतलं. आज मी घेतो."

ताईने बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा."

त्याने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात सांगितलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. तो त्यांच्याकडे वळला नाही. स्क्रीनकडे वाकून त्याने एकेक अक्षर नीट तपासलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. आता पाठवा."